टक्क्यांची सरासरी काढू नका. लॉग घ्या, सरासरी काढा, मग परत या

मागच्या महिन्यात वेळापूरच्या बॅचमधल्या एका तरुणाने मला त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट दाखवला. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकायचं, पालखी महामार्गालगत गाळा बघून ठेवलेला, बँकेत बोलणं सुरू झालेलं. हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना बेअरिंग, पिना, हुक, टायर-ट्यूब लागतातच, त्यामुळे धंद्याची कल्पना चांगली होती. मुलगा हुशार होता आणि आकडेही त्याने मेहनतीने गोळा केले होते.

रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं. ‘साखर उत्पादनात पाच वर्षांत सरासरी वार्षिक वाढ ७.९ टक्के.’ पुढचं सगळं गणित त्या एका वाक्यावर उभं होतं. पहिल्या वर्षी १२ लाखांची विक्री, त्यावर दरवर्षी ७.९ टक्के वाढ, म्हणजे पाच वाढींनंतर साडेसतरा लाख. कर्जाचा हप्ता त्या साडेसतरा लाखांकडे बघून ठरवलेला.

मी त्याला म्हटलं, ‘तुझे आकडे खरे आहेत आणि बेरीजही बरोबर आहे. तरी हे वाक्य खोटं आहे.’ तो माझ्याकडे बघतच राहिला.

आजचा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. अनेक वर्षांच्या वाढीच्या टक्क्यांची साधी बेरीज करून भागाकार करणं, आणि त्याच्या जोरावर पुढच्या वर्षांचे आकडे मांडणं, ही चूक आहे. ही चूक नेहमी एकाच बाजूला जाते, ती म्हणजे वाढ जास्त दाखवण्याच्या बाजूला. कर्ज काढणाऱ्या माणसाला त्या बाजूची चूक परवडत नाही.

आधी छोटं उदाहरण

समजा तुमची पहिल्या वर्षाची विक्री ४ लाख. दुसऱ्या वर्षी ती ५० टक्क्यांनी वाढली, म्हणजे ६ लाख झाली. तिसऱ्या वर्षी ५० टक्क्यांनी घसरली, म्हणजे ३ लाखांवर आली.

आता टक्क्यांची सरासरी काढा. अधिक ५० आणि उणे ५०, बेरीज शून्य, सरासरी शून्य. कागद सांगतो की धंदा जागेवर आहे. गल्ला मात्र सांगतो की ४ लाखांचे ३ लाख झाले.

असं का होतं? कारण पहिले ५० टक्के चार लाखांवरचे होते आणि दुसरे ५० टक्के सहा लाखांवरचे. दोन्हींचं नाव एकच असलं तरी वजन वेगळं आहे. कोल्हापूरला जाणारा ५० आणि पंढरपूरला जाणारा ५०, दोघांना एकाच एसटीत बसवल्यासारखं आहे हे.

वाढ ही बेरजेने होत नाही, ती गुणाकाराने होते. म्हणून टक्के बाजूला ठेवायचे आणि वाढीचा गुणक धरायचा. गुणक म्हणजे यंदाचा आकडा भागिले गेल्या वर्षीचा आकडा. ५० टक्के वाढ म्हणजे गुणक १.५. ५० टक्के घट म्हणजे गुणक ०.५. विक्री जागेवर राहिली तर गुणक १. दोन वर्षांचा एकत्र परिणाम म्हणजे १.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.७५. चार लाखांना ०.७५ ने गुणा, बरोबर तीन लाख येतात. हिशोब जुळला.

आता ‘दरवर्षी सरासरी किती’ याचा खरा अर्थ असा: असा एकच गुणक शोधा, जो दोन्ही वर्षी वापरला तर शेवटी ०.७५ च येईल. तो आहे ०.८६६. चार लाख गुणिले ०.८६६, परत गुणिले ०.८६६, झाले तीन लाख. म्हणजे धंदा दरवर्षी सरासरी १३.४ टक्क्यांनी घसरला. या सरासरीला भूमितीय मध्य म्हणतात, इंग्रजीतून आलेलं नाव जिओमेट्रिक मीन.

लॉग इथे कुठून आला?

दोन वर्षं असतील तर वर्गमूळ काढून भागतं. पाच वर्षं असली की पाचवं मूळ काढावं लागतं, सात असली की सातवं. ते हाताने कोण काढणार? इथे दहावी-अकरावीत पाठ केलेला आणि मग विसरलेला लॉगॅरिदम कामाला येतो.

लॉगचं काम एकच आहे, गुणाकाराची बेरीज करून देणं. १० चा लॉग १, १०० चा २, १००० चा ३. १० गुणिले १०० म्हणजे १०००. तिकडे लॉगमध्ये १ अधिक २ म्हणजे ३. बस, इतकंच. गुणकांचा गुणाकार करायचा असेल तर त्यांच्या लॉगची बेरीज करा. मूळ काढायचं असेल तर लॉगच्या बेरजेला भागा.

म्हणजे टक्क्यांच्या जगात जी साधी सरासरी खोटी ठरते, तीच साधी सरासरी लॉगच्या जगात खरी ठरते. आपली चूक सरासरी काढण्यात नव्हती, ती चुकीच्या जागी काढण्यात होती.

वरचंच उदाहरण घ्या. १.५ चा लॉग ०.१७६१. ०.५ चा लॉग उणे ०.३०१०. बघा, इथेच फरक दिसला. टक्क्यांत दोन्ही ५० होते, लॉगमध्ये घसरणीचं वजन वाढीपेक्षा जास्त आहे. बेरीज उणे ०.१२४९, दोनाने भागलं की उणे ०.०६२५. आता लॉगच्या जगातून परत आपल्या जगात यायचं, म्हणजे अँटीलॉग घ्यायचा, म्हणजे १० चा तितकावा घात. उत्तर ०.८६६. तेच आलं.

एवढ्या चार पायऱ्या आहेत. गुणक काढा, प्रत्येकाचा लॉग घ्या, लॉगची साधी सरासरी काढा, त्या सरासरीचा अँटीलॉग घ्या. शेवटी आलेल्या गुणकातून १ वजा केला की वाढीचा दर.

आता त्या मुलाचे आकडे

त्याने महाराष्ट्राच्या साखर उत्पादनाचे आकडे घेतले होते. ते सुमारे असे आहेत, लाख टनांत:

२०१८-१९ : १०७
२०१९-२० : ६२
२०२०-२१ : १०६
२०२१-२२ : १३७
२०२२-२३ : १०५
२०२३-२४ : ११०

या आकड्यांमागची कहाणी आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. २०१८ ला पाऊस कमी पडला, दुष्काळ जाहीर झाला, लागणी घटल्या, उभा ऊस चाऱ्यासाठी गेला. त्यात ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. म्हणून २०१९-२० चा हंगाम आपटला. मग पाऊस चांगला झाला, लागणी वाढल्या, आणि २०२१-२२ ला इतका ऊस झाला की काही कारखान्यांचं गाळप जूनपर्यंत चाललं. पुढच्या वर्षी परत खाली.

मुलाने केलं काय? दरवर्षीचा टक्का काढला. उणे ४२.१, अधिक ७१.०, अधिक २९.२, उणे २३.४, अधिक ४.८. बेरीज ३९.५ च्या आसपास, पाचाने भागलं, ७.९ टक्के.

आता नुसतं वरचा आणि खालचा आकडा बघा. १०७ चे पाच वर्षांत ११० झाले. दरवर्षी खरोखर ७.९ टक्के वाढ झाली असती, तर २०२३-२४ ला १५६ लाख टन साखर व्हायला हवी होती. झाली ११०. मधले ४६ लाख टन फक्त कागदावर पिकले.

आपल्या चार पायऱ्या लावू. गुणक आणि त्यांचे लॉग असे येतात:

२०१९-२० : गुणक ०.५७९४, लॉग उणे ०.२३७०
२०२०-२१ : गुणक १.७०९७, लॉग अधिक ०.२३२९
२०२१-२२ : गुणक १.२९२५, लॉग अधिक ०.१११४
२०२२-२३ : गुणक ०.७६६४, लॉग उणे ०.११५५
२०२३-२४ : गुणक १.०४७६, लॉग अधिक ०.०२०२

लॉगची बेरीज ०.०१२०. पाचाने भागलं की ०.००२४. अँटीलॉग १.००५५. म्हणजे सरासरी वार्षिक वाढ साधारण अर्धा टक्का.

७.९ कुठे आणि ०.५५ कुठे!

त्या लॉगच्या रकान्याकडे परत एकदा बघा, कारण मला तो फार आवडतो. पहिले दोन आकडे उणे ०.२३७० आणि अधिक ०.२३२९ आहेत. दोघांनी जवळजवळ एकमेकांना खोडून टाकलंय. म्हणजे एका वर्षी पडलेला खड्डा दुसऱ्या वर्षी भरला, वाढ काहीच झाली नाही. पुढचे दोन, अधिक ०.१११४ आणि उणे ०.११५५, त्यांचंही तेच. उरला शेवटचा ०.०२०२. टक्क्यांच्या रकान्यात मात्र उणे ४२ च्या शेजारी अधिक ७१ दिसतं आणि आपल्याला वाटतं, अरे वा, पडलो त्यापेक्षा जास्त उठलो. नाही. खड्ड्यातून वर आल्याचा टक्का नेहमीच मोठा दिसतो, कारण तो खड्ड्याच्या तळापासून मोजलेला असतो.

हे मोबाईलवर आणि शीटमध्ये कसं करायचं

मोबाईलचं कॅल्क्युलेटर आडवं धरलं, किंवा सायंटिफिक मोड निवडला, की बऱ्याच फोनवर `log` आणि `ln` अशी बटणं दिसतात. `log` वापरलं तर परत येताना १० चा घात घ्यायचा. `ln` वापरलं तर परत येताना `e` चा घात घ्यायचा. दोन्हीने उत्तर तेच येतं, पण जाताना एक रस्ता आणि येताना दुसरा असं करू नका. ही चूक मी बॅचमध्ये फार बघतो. लहान दरांना ती लवकर लक्षातही येत नाही, कारण उत्तर १ च्या जवळच राहतं आणि बरोबर वाटतं.

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये गुणक `A2` ते `A6` मध्ये ठेवा. `B2` मध्ये पहिलं सूत्र लिहून खाली ओढा. मग पुढची दोन सूत्रं वेगवेगळ्या घरांत लिहा. दोघांचं उत्तर एकच यायला हवं:

```
=LOG(A2)
=10^AVERAGE(B2:B6)
=GEOMEAN(A2:A6)
```

`GEOMEAN` एका झटक्यात उत्तर देतं. तरी पहिल्यांदा लॉगचा रकाना समोर मांडाच, कारण कोणत्या वर्षाने कोणाला खोडलं हे तिथेच दिसतं. आणि `GEOMEAN` मध्ये टक्के टाकू नका, गुणक टाका. उणे ४२ टाकलं तर `#NUM!` येईल, ते एका अर्थाने बरंच, निदान चूक कळते. पण सगळे टक्के अधिक असतील, समजा ५, १० आणि २०, तर शीट तक्रार न करता १० असं उत्तर देईल. १.०५, १.१० आणि १.२० टाकून बघा, उत्तर १.११५ येतं, म्हणजे ११.५ टक्के. शीट तुमची चूक पकडणार नाही, ती तुम्हालाच पकडायला हवी.

ज्यांच्याकडे अजून लॉगचं जुनं पुस्तक आहे, त्यांनी एक काळजी घ्यायची. त्या पद्धतीत ०.५७९४ चा लॉग ‘बार एक पॉइंट ७६३०’ असा लिहितात. त्यात बारवाला १ उणे असतो आणि दशांश भाग अधिक असतो. तो सरळ उणे १.७६३० समजून बेरजेत टाकला की सगळं विस्कटतं. आधी उणे १ अधिक ०.७६३० करा, म्हणजे उणे ०.२३७०, आणि मग बेरीज करा.

मग फक्त पहिला आणि शेवटचाच आकडा का नको?

हा प्रश्न त्या मुलानेच विचारला, आणि प्रश्न रास्त आहे. सगळ्या वर्षांचे लॉग बेरीज केले की मधली वर्षं आपोआप गळतात. शेवटी उरतो ११० भागिले १०७ चा लॉग. त्याला पाचाने भागलं की तेच ०.००२४. बँकेचे साहेब ज्याला सीएजीआर म्हणतात, ते हेच.

तुमच्याकडे पहिला आणि शेवटचा आकडा असेल तर खुशाल तसं करा. पण आपल्या धंद्यात बऱ्याचदा आकडे नसतात, फक्त दर असतात. दुकानदार सांगतो, ‘तीन वर्षांपूर्वी वीसेक टक्के वाढलं, मग दहा टक्के पडलं, गेल्या वर्षी पंधरा वाढलं.’ मूळ विक्री तो सांगत नाही, सांगणारही नाही. तिथे १.२०, ०.९० आणि १.१५ घेऊन लॉगनेच जावं लागतं.

आणि दुसरं म्हणजे, ही मधली वर्षं गळण्याची सोय एक धोकाही आहे. सरासरी फक्त दोन टोकांवर उभी राहते, त्यामुळे टोक बदललं की उत्तर बदलतं. त्याच तक्त्यातून मी त्याला तीन उत्तरं काढून दाखवली. २०१८-१९ पासून धरलं तर अर्धा टक्का वाढ. २०१९-२० च्या खड्ड्यापासून धरलं तर ६२ चे ११० चार वर्षांत, म्हणजे वर्षाला १५.४ टक्के वाढ. २०२१-२२ च्या शिखरापासून धरलं तर १३७ चे ११० दोन वर्षांत, म्हणजे वर्षाला १०.४ टक्के घट. आकडे तेच, पद्धतही तीच बरोबर असलेली, आणि उत्तरं अशी तीन दिशांना तीन.

म्हणून कोणी तुम्हाला फ्रँचायझी विकायला आला आणि म्हणाला, ‘आमचा सीएजीआर पंधरा टक्के आहे,’ तर एकच प्रश्न विचारा: ‘कोणत्या वर्षापासून?’ उत्तर २०२० पासून असं आलं तर समजा की लॉकडाऊनच्या तळापासून मोजलंय. मोजायचं तर चांगल्या वर्षापासून चांगल्या वर्षापर्यंत मोजा, किंवा वाईटापासून वाईटापर्यंत. आणि सुरुवातीचं वर्ष कोणतं आणि का, हे रिपोर्टमध्ये स्वतः लिहून टाका.

जिथे ही पद्धत चालत नाही

वेळापूरच्या माणसाला हे उदाहरण लगेच कळेल. माऊलींच्या पालखीचा मुक्काम आपल्या गावात असतो. अनेकांचा वर्षाचा मोठा गल्ला त्या एक-दोन दिवसांत होतो. चहा-फराळ, रेनकोट, चपला, मोबाईल चार्जिंग. २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. ज्याचा स्टॉल फक्त वारीवर होता, त्याची त्या वर्षीची विक्री शून्य.

आता गुणक काढा. २०२० चा गुणक शून्य. शून्याचा लॉग अस्तित्वातच नाही. २०२२ ला वारी परत आली, तेव्हाचा गुणक म्हणजे विक्री भागिले शून्य, तोही निघत नाही. इथे काही जण हुशारी करतात. शून्याच्या जागी ०.०१ लिहितात, म्हणजे लॉग उणे २ येतो आणि गाडी चालू राहते. असं करू नका. ०.०१ ऐवजी ०.००१ लिहिलं तर उत्तर पार बदलतं, म्हणजे ते उत्तर तुमच्या धंद्याचं नसून तुम्ही मनाने टाकलेल्या आकड्याचं आहे. शून्याचं वर्ष आलं की सरासरी काढणं थांबवा आणि ते वर्ष वेगळं, शब्दांत लिहा: ‘वारी झाली नाही, विक्री शून्य, ते वर्ष कसं काढणार याची तरतूद अशी.’

नफ्यालाही ही पद्धत लावू नका. नफा एका वर्षी तोट्यात गेला की गुणक उणे येतो आणि उणे आकड्याचा लॉग निघत नाही. वाढीची सरासरी काढायची ती विक्रीची, नगांची, किलोची, गिऱ्हाइकांची, म्हणजे जे शून्याच्या वरच राहतं त्याची.

साधी सरासरी सगळीकडेच चूक आहे असंही मी म्हणत नाही. तुमची तीन दुकानं आहेत आणि एकाच वर्षात प्रत्येकी सरासरी किती लाख विक्री झाली हे हवं असेल, तर साधी सरासरीच बरोबर. एकाच्या डोक्यावर दुसरं चढतं, म्हणजे गेल्या वर्षीच्या आकड्यावर यंदाची वाढ बसते, तिथे मात्र भूमितीय मध्य.

बँकेकडे जाताना काय लिहायचं

त्या मुलाने शेवटी रिपोर्ट बदलला. ७.९ च्या जागी अर्धा टक्का लिहिलं. त्याचे १२ लाख पाच वाढींनंतर साडेसतरा लाख होईनात, ते १२ लाख ३४ हजारांच्या आसपास राहिले. त्याचं तोंड उतरलं, ते मला दिसत होतं. पण मी त्याला आणखी एक गोष्ट लिहायला लावली, आणि माझ्या मते ती सरासरीपेक्षा महत्त्वाची आहे.

भूमितीय मध्य तुम्हाला प्रवास सांगत नाही, फक्त मुक्काम सांगतो. दरवर्षी शांतपणे अर्धा टक्का वाढलेला धंदा आणि एका वर्षी ४२ टक्के आपटून परत वर आलेला धंदा, दोघांचा भूमितीय मध्य एकच असू शकतो. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो, पाच वर्षांच्या सरासरीने येत नाही. म्हणून सरासरीच्या शेजारी सर्वांत वाईट गुणक लिहायचा. इथे तो ०.५८ आहे. दुकान साखरेच्या जोडीने हलतं असं धरलं, तर १२ लाखांची विक्री एका वाईट हंगामात सात लाखांच्याही खाली जाईल. त्या सात लाखांतून गाळ्याचं भाडं, पोराचा पगार आणि हप्ता निघतो का? निघत असेल तर कर्ज घ्या. निघत नसेल तर कर्ज कमी करा, किंवा दुकानात असा माल ठेवा जो उसाशिवायही विकला जातो.

साध्या सरासरीचा एक उपयोग मात्र इथे होतो. साधी सरासरी आणि भूमितीय मध्य यांच्यातलं अंतर बघा. सगळी वर्षं सारखी असतील तर दोन्ही आकडे एकच येतात. चढउतार जितका मोठा, तितकं अंतर मोठं, आणि साधी सरासरी कायम वर. इथे एक ७.९ आणि दुसरा ०.५५. एवढं अंतर दिसलं की समजायचं, हा धंदा सपाट रस्त्यावरचा नाही, घाटातला आहे. घाटात गाडी चालवताना माणूस डिझेल जास्त ठेवतो. इथे डिझेल म्हणजे हातातली रोकड.

एक सूचना मी त्याला दिली ती तुम्हालाही देतो. राज्याच्या साखरेचा आकडा हा वेळापूरच्या दुकानासाठी लांबचा आकडा आहे. शिवाय अलीकडे उसाचा काही रस आणि मळी इथेनॉलकडे वळते, त्यामुळे साखर कमी झाली म्हणजे ऊस तितकाच कमी झाला असं नाही. ट्रॉल्या साखर वाहत नाहीत, ऊस वाहतात. म्हणून आपल्या माळशिरस तालुक्यातल्या कारखान्यांच्या वार्षिक अहवालांतून दर हंगामाचं गाळप किती टन, हे काढा आणि त्याचे गुणक मांडा. सभासद असलेला एखादा चुलता-मामा घरात असतोच, त्याच्याकडे अहवाल पडलेले असतात.

तुमच्यासाठी आजचं काम हेच. ज्या आकड्यावर तुमचा धंदा हलतो, त्याचे सहा वर्षांचे आकडे एका कागदावर लिहा. पाच गुणक काढा, पाच लॉग काढा, सरासरी घ्या, अँटीलॉग घ्या. मग ताळा करा: पहिल्या वर्षाच्या आकड्याला त्या गुणकाने पाच वेळा गुणा. सहाव्या वर्षाचा आकडा आला तर गणित बरोबर आहे. नाही आला तर कुठेतरी टक्के घुसलेत, परत बघा.

तो मुलगा आता कमी कर्जावर दुकान टाकतोय. गाळा लहान घेतलाय, आणि अर्ध्या मांडणीत पाण्याच्या मोटारीचे पार्ट ठेवणार आहे, कारण ऊस कमी असला तरी विहिरीवरची मोटार जळतेच. त्याचा रिपोर्ट पहिल्यापेक्षा फिका दिसतो. पण त्यातला प्रत्येक आकडा त्याला बँकेत मान वर करून सांगता येतो.